कमी पैशात इंटरव्ह्यूचे कपडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात भरतीचं काम करते, मुख्यतः अकाउंट्स, बॅक ऑफिस, सेल्स आणि कस्टमर सपोर्टच्या पोस्ट, म्हणजे पहिली-दुसरी नोकरी शोधणारी मुलंमुलीच जास्त येतात. सोलापूर, लातूर, बीड, सांगली, नगरकडून येणाऱ्यांचे कपड्यांबद्दलचे मेसेज सारखे येत असतात, तेच इथे एकत्र केलेत. किमती साधारण आहेत, तुमच्या गावात शंभर-दोनशे इकडेतिकडे होणार.

१. कपड्यांनी खरंच फरक पडतो का? हुशारी बघतात ना शेवटी?

हुशारी बघतातच, पण ती दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि कपडे दारातून आत येतानाच दिसतात. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता. त्यात लोकांना तोच चेहरा कधी जरा बऱ्या कपड्यांत आणि कधी जरा साध्या कपड्यांत दाखवला आणि हा माणूस कितपत कर्तबगार वाटतो ते विचारलं. चेहरा तोच असूनही बऱ्या कपड्यांना जास्त मार्क पडले, फोटो सेकंदाच्या आठव्या भागाइतकाच वेळ दाखवला तरी. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की कपड्यांकडे लक्ष देऊ नका असं आधी स्पष्ट सांगूनसुद्धा फरक राहिलाच. म्हणजे समोरचा माणूस वाईट आहे म्हणून हे होतं असं नाही, त्याला स्वतःलाच कळत नाही.

हे अन्यायाचं आहे, ज्याच्याकडे पैसे कमी त्यालाच याचा फटका बसतो. पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. टेबलाच्या या बाजूला बसून मला कधीच कळत नाही की शर्ट तीनशेचा आहे की तीन हजारांचा. मला दिसतं ते एवढंच की तो अंगाला बसतोय का, कॉलर स्वच्छ आहे का, बटण तुटलंय का. या तिन्ही गोष्टी दुकानात नाही, टेलरकडे आणि घरी धुण्याच्या दगडावर ठरतात. चांगल्या कपड्यांनी नोकरी मिळत नाही हेही खरं, फक्त तुमचं पहिलं उत्तर कोणी संशय न घेता ऐकून घेतं.

२. माझ्याकडे जेमतेम दीड-दोन हजार आहेत. कशावर खर्च करू?

एक उदाहरण घेऊ. बी.कॉम झालेला मुलगा, अकाउंट्स असिस्टंटचा इंटरव्ह्यू पुण्यात, हातात सोळाशे रुपये. घरी एक काळी पँट आहे, कॉलेजच्या कार्यक्रमाला शिवलेली, कमरेला सैल झालीय आणि लांबीला जास्त आहे. शर्ट आहेत पण सगळे चेक्सचे, कॅज्युअल. शूज नाहीत, स्पोर्ट्स शूज आहेत.

बहुतेक जण इथे सरळ दुकानात जातात, हजार-बाराशेचा ब्रँडेड शर्ट सेलमध्ये घेतात आणि मग शूजला पैसे उरत नाहीत. मी सांगेन आधी टेलरकडे जा. ती काळी पँट कमरेत घ्यायला आणि लांबी कमी करायला ८० रुपयांच्या आसपास लागतील, म्हणजे पँटचा प्रश्न मिटला. शर्टाचं कापड घ्या, ५८ इंची पन्ह्याचं असेल तर मध्यम अंगाच्या माणसाला पावणेदोन मीटर पुरतं, १६० रुपये मीटरने २८० झाले, ३५० शिलाई, म्हणजे ६३० मध्ये स्वतःच्या मापाचा शर्ट. काळे लेस वाले शूज ५००, साधा काळा बेल्ट १५०, गडद मोजे ५०, केस कापणं १००, इस्त्री ३०. बेरीज केली तर १५४० होतात, साठ रुपये उरतात ते बसस्टँडवरच्या पॉलिशला आणि चहाला.

शिवलेल्या शर्टावर एवढा जोर का देते? कारण रेडीमेडमध्ये कॉलर मापाची मिळाली तर बाही लांब असते, खांदे बसले तर पोटात फुगतो, आणि बारीक किंवा जाड अंगाच्या लोकांना तर काहीच धड बसत नाही. कोल्हापूरकडच्या लोकांना गांधीनगरला कापड स्वस्त मिळतं, मुंबईत दादरला हिंदमाताच्या आसपास. टेलरला निदान आठ-दहा दिवस आधी द्या, लग्नसराईत त्याहून आधी, आणि काज-बटण झाल्यावर घेऊन घरी न जाता तिथेच घालून बघा.

आणि कपड्यांसाठी हप्त्यावर किंवा कर्ज काढून काही घेऊ नका. इंटरव्ह्यू एकच असतो असं नाही, जाण्यायेण्याचं भाडं आधी बाजूला काढून ठेवा.

३. फिटिंग बरोबर आहे हे कसं ओळखायचं? दुकानदार तर सगळंच छान म्हणतो.

खांद्यापासून सुरू करा. शर्टाची खांद्याची शिवण बरोबर खांद्याचं हाड संपतं तिथे यायला हवी. ती दंडावर उतरली असेल तर शर्ट दुसऱ्याचा वाटतो, आणि हे नंतर दुरुस्त होत नाही, झालं तर नवीन शर्टाएवढा खर्च येतो. म्हणून खांदा चुकलेला शर्ट फुकट मिळाला तरी इंटरव्ह्यूसाठी घेऊ नका. बाकीचं बरंचसं दुरुस्त होतं. वरचं बटण लावून कॉलरमध्ये दोन बोटं आरामात गेली पाहिजेत, बाही हात खाली सोडल्यावर मनगटाच्या हाडाशी थांबली पाहिजे. बगलेपासून खाली फुगत असेल तर टेलर बाजूच्या शिवणी आत घेतो, ते स्वस्तातलं काम आहे.

पँटची लांबी शूज घालूनच बघायची, चप्पल घालून नाही. पुढून शूजवर हलकी एक घडी पडेल एवढी पुरे. घोट्यापाशी तीन-चार घड्या पडत असतील तर लांबी जास्त आहे, आणि हे आपल्याकडे फार दिसतं कारण "पुढे वाढेल" म्हणून लांब शिवायची सवय. पँट वाढवायची असेल तर आधी उलटी करून आतली माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड बघा, जुन्या शिवलेल्या पँटमध्ये कमरेला मागच्या शिवणीत इंचभर माया असते, रेडीमेडमध्ये बऱ्याचदा नसते.

शेवटी खुर्चीवर बसून बघा. उभं राहून छान दिसणारा शर्ट बसल्यावर पोटावरच्या बटणांमध्ये फटी पाडतो. इंटरव्ह्यू बसूनच होतो.

४. जुनेच कपडे आहेत. ते चालतील का, आणि कुठला जुनेपणा लपत नाही?

चालतील. जुनं असणं वेगळं आणि झिजलेलं दिसणं वेगळं. समोरून चार गोष्टी दिसतात: कॉलरची कड, कफची कड, बटणं, आणि गडद पँटवरची चकाकी.

कॉलर घडीवर विरली असेल तर शर्ट फेकू नका. टेलरला सांगा "कॉलर उलटवून द्या". तो कॉलर उसवून काढतो, उलटी करतो, म्हणजे विरलेली बाजू खाली जाते आणि खालची कोरी बाजू वर येते, परत शिवून देतो. आपल्या आजोबांच्या वेळी हे सर्रास चालायचं. सगळे टेलर आता करत नाहीत, जुना टेलर शोधा. पण कॉलरच्या खालच्या बाजूलाही डाग असतील किंवा तिथे वेगळं कापड लावलेलं असेल तर उपयोग नाही, आधी उचलून बघा.

कॉलरच्या आतला काळपट पट्टा हा मळ कमी आणि तेल जास्त असतं, डोक्याचं आणि मानेचं. त्यामुळे नुसती पावडर लावून घासत बसलात तर कापड विरेल पण डाग राहील. भांडी घासायचं लिक्विड दोन थेंब कोरड्या कॉलरवर चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा, मग नेहमीसारखा धुवा. ब्लीच टाकू नका, टेरिकॉट पिवळं पडतं.

पँटच्या गुडघ्यावर आणि बैठकीला जी चमक येते ती घासल्याने आणि गडद टेरिकॉटवर सरळ इस्त्री फिरवल्याने येते, कापडाचे धागे दबून चपटे होतात. ओला सुती रुमाल वर ठेवून त्यावरून इस्त्री फिरवली की थोडी कमी होते, पूर्ण जात नाही. पुढच्या वेळेपासून उलटी करूनच इस्त्री करा. काळा रंग उडून तपकिरी झालेली पँट मात्र बाजूला ठेवा, ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली ती घरच्यापेक्षा जास्त विटकी दिसते. दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी काळ्या मोज्याशेजारी धरून बघा म्हणजे कळेल.

५. कुठलं कापड आणि कुठला रंग?

कापड टेरिकॉट, म्हणजे कॉटन आणि पॉलिएस्टर मिक्स. शुद्ध कॉटन छान दिसतं पण तासाभराच्या बसने चुरगळतं, शुद्ध पॉलिएस्टर चुरगळत नाही पण घाम बाहेर जाऊ देत नाही आणि वास धरून ठेवतं (प्रश्न ८). लिनन विसरा, ते सकाळी दहाला घातलं तर अकराला झोपून उठल्यासारखं दिसतं. कापडाचा तुकडा मुठीत दाबून पाच सेकंदांनी सोडा, घड्या तशाच राहिल्या तर तो घेऊ नका.

शर्टाला पांढरा किंवा फिक्या निळ्या बारीक रेघांचा. प्लेन आकाशी आणि प्लेन राखाडी रंगावर घामाचा ओला ठिपका सगळ्यात ठळक दिसतो, पांढऱ्यावर आणि बारीक रेघांवर कमी दिसतो. पांढऱ्याखाली पांढरं बनियन घातलं की त्याची बाह्यांची रेघ बाहेरून दिसते, अंगाच्या रंगाचं किंवा फिकट राखाडी घातलं तर दिसत नाही. पँट काळी, नेव्ही किंवा गडद राखाडी, आणि एकच घेणार असाल तर गडद राखाडी घ्या, ती काळ्यासारखी विटत नाही आणि धूळही कमी दाखवते.

चमकणारं कापड, लग्नातलं सिल्की शर्ट, पोपटी-जांभळं, मोठ्ठा लोगो, हे नको. महाग असलं तरी नको.

६. शूजवर पैसे घालवायचे का? टेबलाखाली कोणाला दिसतात?

दारापासून खुर्चीपर्यंत चालत येता ना, तेव्हा दिसतात, आणि बऱ्याच ऑफिसात टेबल मधे नसतंच, समोरासमोर खुर्च्या असतात. पाचशे-सहाशेचे काळे रेक्झिनचे लेस वाले शूज चालतात, नवे असेपर्यंत ते लेदरसारखेच दिसतात. टोकदार, चकचकीत, बकल वाले घेऊ नका. मोजे गडद आणि पोटरीपर्यंत, कारण बसल्यावर पँट वर सरकते आणि आखूड मोजा असेल तर उघडा पाय दिसतो.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण ती ऐन इंटरव्ह्यूच्या दिवशी होते. भावाचे, वडिलांचे शूज खोक्यात माळ्यावर चार-पाच वर्षं पडलेले असतात, वरून अगदी नवे दिसतात. त्यांचा सोल पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतल्या ओलाव्याने तो आतून कुजत जातो, न वापरताच, किंबहुना न वापरल्यानेच जास्त. मग घालून दहा मिनिटं चाललात की सोलचे तुकडे पडायला लागतात, टाच सुटते, ऑफिसच्या फरशीवर काळा चुरा. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत हे लवकर होतं. म्हणून असे शूज आठवडाभर आधी काढा, सोलच्या कडेला अंगठ्याचं नख जोरात दाबा. चुरा निघाला किंवा चिकट लागलं तर ते शूज संपले, चिकटवून उपयोग नाही. नाही निघाला तरी अर्धा तास जिने चढउतार करून बघा. नुसती शिवण सुटली असेल तर चांभाराकडे शिवून घ्या, ते काम पक्कं होतं.

शूज अजिबातच जमत नसतील तर काळे बंद सँडल स्वच्छ करून घाला. स्पोर्ट्स शूज फॉर्मल पँटवर घालण्यापेक्षा ते बरे.

७. रात्रीच्या एसटीने येतो, सकाळी इंटरव्ह्यू. कपडे चुरगळतात. काय करू?

अंगावर घालून येऊ नका हे पहिलं. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने स्वारगेटला उतरलात तर पहाट झालेली असते आणि शर्टाची पाठ पूर्ण गेलेली असते. टी-शर्टवर प्रवास करा. शर्ट घडी घालण्याऐवजी गुंडाळून आणा: बटणं लावा, पालथा ठेवा, बाह्या पाठीवर मोडा, मधे एक सुती टॉवेल ठेवा आणि खालून वर सैल गुंडाळी करा. टॉवेलमुळे कडक घडी पडत नाही. पँट शिवणीला शिवण जुळवून त्याच गुंडाळीभोवती फिरवा. बॅगेत ही गुंडाळी सगळ्यात वर.

उतरल्यावर नातेवाइकाकडे, मित्राच्या रूमवर किंवा लॉजवर तासभर तरी मिळेल असं बघा. इस्त्रीवाले बहुतेक आठ-नऊनंतर उघडतात, त्यामुळे साडेनऊच्या इंटरव्ह्यूला त्यांच्या भरवशावर राहू नका. इस्त्री नसेल तर सपाट बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात उकळतं पाणी घ्या, बूड बाहेरून पुसून कोरडं करा आणि टॉवेलवर शर्ट पसरून ते फिरवा. आधी कॉलर, मग कफ, मग पुढची बटणपट्टी. पाठ राहिली तरी चालेल. पातेलं कडेला पकडीने धरा, पाणी अर्ध्याच्या वर भरू नका.

८. घाम फार येतो आणि वासाची भीती वाटते. डिओ मारला तरी थोड्या वेळाने येतोच.

वास बऱ्याचदा अंगाला नसतो, शर्टाला असतो. पॉलिएस्टरमध्ये घामातलं तेल अडकून बसतं आणि नेहमीच्या धुण्याने निघत नाही. कोरडा असताना काही कळत नाही, अंगाच्या उबेने तो परत वर येतो, म्हणून तुम्हाला वाटतं डिओ काम करत नाही. तपासायची सोपी रीत म्हणजे धुतलेल्या शर्टाच्या बगलेवर गरम इस्त्री फिरवा आणि लगेच हुंगून बघा. वास आला तर शर्ट उलटा करून पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग धुवून उन्हात वाळवा. दोनदा करूनही गेला नाही तर तो शर्ट इंटरव्ह्यूसाठी बाद.

अंगासाठी तुरटी चांगली चालते. आंघोळीनंतर ओल्या बगलेत फिरवा, वाळू द्या, मग बाह्या असलेलं बनियन. बगलेतले केस नुकतेच काढले असतील किंवा कातडी सोलवटली असेल तिथे लावू नका, झोंबतं. अत्तर, बॉडी स्प्रे अगदी कमी, छोट्या एसी केबिनमध्ये उग्र वासाने डोकं दुखतं आणि समोरच्याला लवकर संपवावंसं वाटतं. सिगरेट, तंबाखू, गुटखा त्या दिवशी सकाळपासून नकोच, बडीशेपेने झाकलं जात नाही.

वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचा आणि आत न जाता खाली सावलीत उभे राहा. घाम थांबायला तेवढा वेळ लागतोच.

९. दाढी ठेवू का काढू? केस कसे?

दाढी चालते, अर्धवट वाढलेली चालत नाही. ठेवायची तर गळ्याखालचे आणि गालावरचे विखुरलेले केस काढा, कड स्पष्ट हवी. काढायची तर आदल्या रात्री काढा, सकाळी घाईत कापतं आणि कॉलरला रक्ताचा ठिपका लागतो. केस इंटरव्ह्यूच्या चार-पाच दिवस आधी कापा, त्याच दिवशी कापले की मानेवर पांढरी कड दिसते. डोक्याला तेल आदल्या दिवशी लावून धुवून टाका, तेलकट कपाळ आणि कॉलर दोन्ही वाचतात. कोंडा असेल तर गडद ब्लेझर टाळा.

नखं मात्र नक्की बघा. कागदपत्रं देताना सगळ्यात जवळून हातच दिसतात.

गोरं करणारी क्रीम किंवा ऐन वेळी फेशियल अजिबात नको. तुमच्या रंगात काही कमी नाही, आणि नव्या क्रीमने पुरळ उठलं तर आठवडाभर जात नाही.

१०. मुलींनी काय घालावं? साडी, ड्रेस की शर्ट-पँट?

जे घालून तुम्ही हात न लावता अर्धा तास बसू शकता ते. हे मी उगाच म्हणत नाही. ओढणी सारखी सावरावी लागते, पदर घसरतो, कुर्ता मागून वर चढतो, आणि उत्तर देताना हात तिकडे गेला की समोरच्याला ते घाबरणं वाटतं. त्यामुळे घरी खुर्चीवर बसून, वाकून खालचा पेन उचलून, हात वर करून फाईल देऊन बघा. कुठे हात लावावा लागला तिथे पिन किंवा टाका.

कमी पैशात सगळ्यात परवडतो तो गुडघ्यापर्यंतचा प्लेन किंवा बारीक प्रिंटचा कुर्ता आणि सरळ पँट. तुळशीबागेत, लक्ष्मी रोडवर चारशे-सहाशेत मिळतो आणि पुढे ऑफिसलाही घालता येतो. पारदर्शक आहे का हे दुकानातल्या दिव्यात कळत नाही, आत हात घालून दाराशी उजेडात धरा, बोटं मोजता आली तर अस्तर लावून घ्यावं लागेल. पाठीमागची चेन बघा, स्वस्त कुर्त्यात तीच आधी जाते. ओढणी घेणार असाल तर खांद्यावर दोन्हीकडे पिन.

सरकारी मुलाखत किंवा शिक्षिकेची पोस्ट असेल तर साडी शोभते, पण सवय नसेल तर त्या दिवशी पहिल्यांदा नेसू नका. आईची कॉटनची कडक साडी बसने येईपर्यंत फुगून बसते, क्रेप किंवा मिक्स कापडाची हलकी साडी जागेवर राहते. जी चप्पल घालणार तीच घालून नेसा, नाहीतर काठ एक इंच वर किंवा खाली येतो. वाजणाऱ्या बांगड्या काढून ठेवा, टेबलावर हात ठेवला की प्रत्येक वाक्याला आवाज येतो. मंगळसूत्र, टिकली, छोटे कानातले यांनी काही बिघडत नाही. मेकअप केलाच पाहिजे असं अजिबात नाही.

११. ब्लेझर आणि टाय लागतो का?

तुम्ही ज्या पोस्टना जाताय त्यातल्या बहुतेकांना नाही. अंगाला न बसणारा ब्लेझर नुसत्या चांगल्या शर्टापेक्षा वाईट दिसतो, आणि स्वस्त ब्लेझरचे खांदे उचललेले असतात. मोठ्या हॉटेलची पोस्ट, मॅनेजमेंट कॉलेजची मुलाखत, किंवा पत्रात फॉर्मल सूट लिहिलं असेल तर भाड्याने घ्या, लग्नाचे कपडे भाड्याने देणाऱ्यांकडे प्लेन काळा किंवा नेव्ही मागा. डिपॉझिट किती आणि परत कधी देणार ते पावतीवर लिहून घ्या. टाय बांधता येत नसेल तर नको.

१२. मित्राचे कपडे किंवा सेकंडहँड घालणं चुकीचं वाटतं. कोणी ओळखलं तर?

ओळखत नाही कोणी, फिटिंग चुकलं तरच शंका येते (प्रश्न ३). मागून आणलेला शर्ट खांद्याला बसत असेल तर बिनधास्त घाला. मित्राची पँट मात्र अल्टर करू नका, परत द्यायचीय, आत तात्पुरते मोठे हातटाके घालून लांबी घ्या, ते नंतर उसवतात. जुन्या बाजारातून घेतलंत तर आधी गरम पाण्यात भिजवून धुवा, आणि घेताना बगल, कॉलर आणि दोन पायांच्या मधली शिवण बघा, तिथे झिजलं असेल तर सोडा. शूज दुसऱ्याचे आणि मापाने लहान असतील तर नकोच, लंगडत आत जाणं लपत नाही.

१३. इंटरव्ह्यू फॅक्टरीत आहे. तिथेही फॉर्मल?

चाकण, रांजणगावला ट्रेनी किंवा मशीन ऑपरेटरच्या वॉक-इनला स्वच्छ शर्ट, साधी पँट आणि बंद शूज पुरे. तिथे शॉपफ्लोअरवर नेऊन दाखवतात, चप्पल असेल तर आतच सोडत नाहीत. कडं, लोंबणारी साखळी, सैल बाही काढून ठेवा, मशीनजवळ ते धोक्याचं असतं आणि सुपरवायझरची नजर आधी तिकडेच जाते. टाय घालून गेलात तर कामाची माहिती नाही असं वाटतं. नर्सिंगच्या मुलाखतीत नखं आखूड, नेलपॉलिश नाही, केस बांधलेले. आयटीत जीन्स चालते असं ऐकून जाऊ नका, ती आत नोकरीला असलेल्यांना चालते.

१४. टिळा, टोपी, हिजाब, पगडी, गळ्यातली माळ. काढू का?

नाही. जे तुम्ही रोज घालता आणि नोकरीतही घालणार आहात ते ठेवा, फक्त स्वच्छ आणि नीट बसलेलं. हिजाब प्लेन आणि पिन केलेला, आवाज स्पष्ट ऐकू यावा इतका सैल. एखाद्या ठिकाणी यावरूनच नाकारलं जाऊ शकतं हे मी नाकारत नाही, पण तिथे रोज आठ तास काढून बसायला लागलं असतं त्याचाही विचार करा. मशीनवरच्या कामात साखळी किंवा माळ सुरक्षेसाठी काढायला सांगितली तर ती गोष्ट वेगळी (प्रश्न १३).

१५. दुसऱ्या राउंडला तोच शर्ट घातला तर?

चालतं. दोन्ही राउंडला तेच लोक असतील तर पँट तीच ठेवून शर्ट बदलता आला तर बघा, मित्राचाही चालेल. नाहीच जमलं तर तोच धुवून इस्त्री करून घाला. शर्ट कालचा आहे हे मला आठवत नाही, कालचा घाम आहे हे लगेच कळतं.

१६. व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू आहे. तेव्हा पण एवढं सगळं?

वरचा अर्धा भाग तरी हो, पण उभं राहावं लागू शकतं म्हणून पँटही घाला. बारीक रेघांचा शर्ट मी वर सुचवलाय तो इथे नको, कॅमेऱ्यात रेघा लहरी मारतात. पांढराही उजेडात फटफटीत दिसतो. इथे प्लेन निळा सगळ्यात चांगला, घामाचा ठिपका काखेखाली असल्याने फ्रेममध्ये येत नाही. खिडकी तोंडासमोर घ्या, पाठीमागे घेतलीत तर चेहरा काळा होतो. मोबाईल पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवा आणि पुढच्या कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसा, तेलकट बोटांमुळे सगळं धुरकट दिसतं.

१७. सगळं नीट केलं आणि वाटेत शर्टावर चहा सांडला किंवा पावसात भिजलो तर?

चोळू नका, चोळल्याने डाग पसरतो आणि कापडात जातो. थंड पाण्याने रुमाल ओला करून डागाच्या बाहेरून आतल्या बाजूला टिपत या, मग कोरड्या रुमालाने दाबा. वॉशरूममध्ये हात वाळवायचं मशीन असेल तर त्याखाली धरा. पावसाळ्यात शूज आणि मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत, फ्लोटर्स घालून या, खाली लॉबीत बदला आणि फ्लोटर्स सिक्युरिटीच्या काकांना विचारून तिथेच ठेवा, ठेवू देतात बहुतेक. कागदपत्रांची फाईल वेगळ्या पिशवीत, ती भिजली तर शर्टापेक्षा जास्त नुकसान होतं.

डाग राहिलाच तर बसल्या बसल्या एकदाच सांगा, "येताना चहा सांडला, सॉरी", आणि पुढच्या प्रश्नाकडे जा. फाईलने झाकत बसलात तर सगळ्यांची नजर अर्धा तास तिथेच राहते.